वाक्य कोणाचे, संदर्भ कोणाचा?



२०१५ सालची गोष्ट आहे. माझ्याकडे पीएच.डी. करणारी एक विद्यार्थिनी प्रबंधाचे पहिले प्रकरण घेऊन आली. विषय होता आतड्यातले जिवाणू. पहिलेच वाक्य असे: माणसाच्या शरीरात त्याच्या स्वतःच्या पेशींच्या दहापट जिवाणू असतात. पुढे कंसात संदर्भ दिलेला: सॅव्हेज, १९७७. मी तिला विचारले, "हे सॅव्हेजने मोजले का?" ती म्हणाली, "सर, तो रिव्ह्यू आहे. सगळे तोच देतात."

तिचे खरे होते. ड्वेन सॅव्हेज यांचा तो आढावालेख सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका मान्यवर वार्षिकात आला आणि नंतरची जवळजवळ ४० वर्षे 'दहापट' या वाक्याखाली तोच दिला जात राहिला. मराठी मासिकातल्या एका लेखात मीही ते वाक्य लिहिले होते, तेही काहीच न तपासता. म्हणून त्या दिवशी आम्ही दोघांनी ठरवले की हा धागा मागे मागे नेत जायचे. आजचे व्याख्यान त्या धाग्याचेच आहे.

आपल्यापैकी सगळेच संशोधक नाहीत, म्हणून एक फरक आधी सांगतो. ज्याने स्वतः नमुने घेतले, मोजमाप केले आणि तक्ता मांडला, त्याचा तो मूळ शोधनिबंध. अशा पन्नास-शंभर निबंधांवरून नजर फिरवून एखाद्या जाणकाराने सांगितले की या विषयात आजवर काय काय कळले आहे, तर तो आढावालेख. लिहिणाऱ्याला आढावा सोयीचा पडतो. एकच लेख वाचायचा आणि एकच संदर्भ द्यायचा. प्रश्न इतकाच असतो की आपण जे वाक्य लिहितो आहोत, ते त्या आढाव्याचे आहे की त्याने दुसऱ्या कोणाचे आणून ठेवलेले आहे?

सॅव्हेज यांच्या लेखात जिवाणूंच्या आकड्याखाली थॉमस लकी यांच्या १९७२ सालच्या लेखाचा संदर्भ होता. आम्हाला वाटले, चला, मूळ सापडले. लकींचा लेख उघडला, तर तो एका परिसंवादाचा प्रास्ताविक लेख निघाला. त्यात हा आकडा आहे, पण तो मोजलेला नाही, अंदाजाने काढलेला आहे. आतड्यातल्या १ ग्रॅम ऐवजात सुमारे दहा हजार कोटी जिवाणू असतात आणि अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतच्या मार्गात सुमारे १ लिटर, म्हणजे १००० ग्रॅम ऐवज मावतो, असे धरले. दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला की शंभर लाख कोटी जिवाणू येतात. माणसाच्या पेशी ढोबळपणे दहा लाख कोटी धरल्या की झाले दहापट.

अंदाज करण्यात काही चूक नाही. पाठकोऱ्या कागदावरचा असा हिशेब प्रत्येक वैज्ञानिक करतो. पण गुणाकारात एक घोटाळा राहून गेला. ग्रॅममागे दहा हजार कोटी ही घनता फक्त मोठ्या आतड्यातली आहे. जठरात आम्ल असल्यामुळे तिथे एका मिलिलिटरमध्ये हजार-दहा हजार जिवाणू निघतात. लहान आतड्यात ते वाढत जातात, पण मोठ्या आतड्याच्या मानाने फारच कमी राहतात. म्हणजे ती घनता अख्ख्या लिटरला लावता येत नाही. मोठ्या आतड्यात ऐवज असतो साधारण ४०० ग्रॅम.

ज्युडा रोझनर यांनी २०१४ मध्ये एका पत्रात या दहापटीच्या आधाराबद्दल जाहीर प्रश्न विचारला होता. नंतर रॉन सेंडर, शाय फुक्स आणि रॉन मिलो यांनी २०१६ मध्ये सगळा हिशेब नव्याने मांडला. सत्तर किलो वजनाचा तरुण पुरुष धरून त्यांनी जिवाणू काढले सुमारे ३८ लाख कोटी आणि माणसाच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. दहापट गेली, उरली सव्वापट-दीडपटीच्या मधली संख्या. अनिश्चितता लक्षात घेतली तर दोन्ही बाजू जवळपास सारख्याच.

त्याच निबंधातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या ३० लाख कोटी पेशींपैकी ८४ टक्के रक्तातल्या तांबड्या पेशी आहेत आणि त्यांना केंद्रक नसते. केंद्रक असलेल्याच पेशी मोजायच्या ठरवल्या, तर त्या तीनेक लाख कोटी उरतात आणि गुणोत्तर पुन्हा दहाच्या आसपास येते! म्हणजे 'पेशी' कशाला म्हणायचे यावर उत्तर बदलते. मूळ हिशेब समोर असला तरच हे दिसते. आढाव्याच्या एका ओळीत शिरताना व्याख्या गळते, गृहीतके गळतात आणि आकडा तेवढा उरतो. तोच आकडा पुढे चाळीस वर्षे चालतो.

या शोधातून आम्ही एक साधी तपासणी शिकलो. संदर्भांच्या साखळीचे टोक गाठले म्हणजे मूळ निबंध मिळाला असे समजू नये. त्या निबंधात 'साहित्य आणि पद्धती' हा भाग आहे का ते पाहावे. आपल्याला हवा असलेला आकडा त्यातल्या एखाद्या तक्त्यातून किंवा मोजमापातून निघतो का, तेही पाहावे. तो प्रस्तावनेत आणि दुसऱ्याच्या नावावर आलेला असेल, तर त्या वाक्यापुरता हाही आढावाच. निबंध जुना असला म्हणून तो मूळ ठरत नाही.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग आढावा कधी देऊच नये. तेही चूक आहे. त्याचे उदाहरण वैद्यकातले घेऊ.

वेळेआधी बाळंत होणाऱ्या मातेला प्रसूतीपूर्वी स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले की बाळाची फुप्फुसे लवकर पक्व होतात. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचे लिगिन्स आणि हॉवी यांनी २८२ मातांवर याची पहिली नियंत्रित चाचणी केली आणि ती १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे इतरांच्या चाचण्या झाल्या. बऱ्याच लहान होत्या आणि एकेकट्या पाहिल्या तर वैद्यांची खात्री पटत नव्हती. पॅट्रिशिया क्राउली आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये त्या ठरावीक पद्धतीने गोळा करून एकत्र मोजल्या, तेव्हा बाळांचे मृत्यू कमी होतात हे स्पष्ट झाले. कॉक्रेन या संस्थेच्या बोधचिन्हात आडव्या रेघा आहेत. त्या याच औषधाच्या सात चाचण्यांच्या आहेत आणि त्यांच्या खालचा छोटा चौकोन हा एकत्रित निष्कर्ष आहे.

आता 'या उपचाराने नवजात बाळांचे मृत्यू कमी होतात' असे वाक्य मला लिहायचे आहे. त्याखाली एकटा लिगिन्स-हॉवींचा निबंध दिला, तर एका शहरातल्या एका चाचणीवर मी फार मोठा भार टाकतो. हे वाक्य सगळ्या चाचण्या एकत्र मोजणाऱ्याचे आहे, कारण कोणत्या चाचण्या घ्यायच्या, कोणत्या वगळायच्या आणि किती वजन द्यायचे हे काम त्याने केले. तिथे आढावाच द्यायला हवा. पण 'ऑकलंडमध्ये २८२ मातांवर पहिली चाचणी झाली' असे लिहिले, तर तिथे आढावा चालणार नाही. ते काम लिगिन्स आणि हॉवींचे आहे. विषय एक, परिच्छेद एक, पण दोन वाक्यांचे धनी वेगळे.

आढाव्याची एक मर्यादा मात्र इथे सांगायलाच हवी, कारण ती आपल्या नागपूरपर्यंत येते. त्या जुन्या चाचण्या रुग्णालयांतल्या होत्या. पुढे सहा देशांत, त्यात भारतातून नागपूर आणि बेळगावच्या परिसरात, गावपातळीवर हे औषध पोचवण्याची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१४ अखेरीस आले. कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू त्यात कमी झाले नाहीत आणि एकंदर बाळांत मृत्यूचे प्रमाण वाढलेले दिसले. म्हणून ग्रामीण आरोग्यावर लिहिणाऱ्याने आढाव्यात कोणत्या ठिकाणच्या चाचण्या आहेत आणि तो कोणत्या सालापर्यंतचा आहे हे पाहून मगच त्याचा आधार घ्यावा.

सेंडर-मिलो यांचा २०१६ चा निबंध मूळ निबंध आणि आढावा यांच्या मधला आहे. त्यांनी स्वतः विष्ठेचा एकही नमुना घेतला नाही. इतरांनी मोजलेली घनता घेतली. पण हिशेब त्यांचा, गृहीतके त्यांची, चूक दाखवली तीही त्यांनी. म्हणून गुणोत्तराचे श्रेय त्यांचे आणि त्या वाक्याखाली तोच निबंध द्यावा. 'एक ग्रॅम विष्ठेत इतके जिवाणू' असे लिहायचे असेल तर मात्र ज्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजले त्यांच्याकडे जावे लागेल. श्रेयाचा हा मुद्दा किरकोळ नाही. सॅन फ्रान्सिस्कोत २०१२ मध्ये संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दल जो जाहीरनामा झाला, त्यात संशोधकांना स्पष्ट सांगितले आहे की योग्य तिथे आढाव्याऐवजी जिथे निरीक्षण प्रथम नोंदले गेले तो मूळ निबंध द्या.

यावर लोक एक पळवाट काढतात आणि ती मला सगळ्यांत घातक वाटते. वाचायचा आढावा आणि त्याच्या संदर्भयादीतून मूळ निबंधाचे नाव उचलून आपल्या लेखात घालायचे, जणू तो आपण वाचला आहे. हे कळते कसे? छपाईच्या चुकांवरून. सिम्किन आणि रॉयचौधुरी यांनी २००३ मध्ये भौतिकशास्त्रातल्या एका गाजलेल्या निबंधाचे सुमारे ४३०० उल्लेख तपासले. त्यांतल्या १९६ मध्ये संदर्भ चुकीचा छापला होता. पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५ निघाल्या. पृष्ठक्रमांकाची एकच चूक तर ७८ वेळा तशीच्या तशी उतरली होती. ७८ माणसे स्वतंत्रपणे एकच चुकीचा आकडा लिहीत नाहीत. त्यावरून त्यांनी अंदाज केला की मूळ निबंध उघडणारे पाचात एक असतील.

मूळ निबंध कधीकधी खरोखरच मिळत नाही. तो जर्मनमध्ये असतो, वर्गणी परवडत नाही, ग्रंथालयात तो अंकच नसतो. त्यासाठी जुनी, प्रामाणिक रीत आहे: 'लकी, १९७२, सॅव्हेज, १९७७ मध्ये उद्धृत.' वाचकाला कळते की लेखक कुठवर पोचला आणि कुठे थांबला. जागा कमी असेल, नियतकालिकाने संदर्भांची संख्या बांधून दिली असेल, तर सर्वमान्य पार्श्वभूमीसाठी 'आढाव्यासाठी पाहा' असे म्हणून एक चांगला आढावा द्यावा आणि राखलेली जागा ज्या आकड्यांवर आपला युक्तिवाद उभा आहे त्यांच्या मूळ निबंधांना द्यावी. माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच सांगत आलो.

ती विद्यार्थिनी पुढे वर्षभराने प्रबंध सादर करायला निघाली, तोवर सेंडर यांचा निबंध आला होता. तिने तो पूर्ण वाचला, पुरवणी तक्त्यांसह. पहिले वाक्य तिने बदलले: माणसाच्या शरीरातल्या जिवाणूंची संख्या आणि त्याच्या स्वतःच्या पेशींची संख्या जवळपास सारखी आहे. खाली संदर्भ दिला: सेंडर, फुक्स आणि मिलो, २०१६. आणि जुना अंदाज कुठून आला ते सांगणाऱ्या पुढच्या वाक्याखाली, या वेळी दोन्ही लेख वाचून, लकी, १९७२ आणि सॅव्हेज, १९७७.