हप्त्याच्या पोटातले व्याज

(शाळेतून उत्तीर्ण होऊन वाणिज्य शाखेच्या प्रथम वर्षात दाखल झालेल्या माजी विद्यार्थ्यांसमोर मुख्याध्यापिकांनी दिलेले व्याख्यान)



काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेतील एका विद्यार्थिनीची आई मला भेटायला आली होती. शिवणकामाची यंत्रे घेण्यासाठी तिने एक लाख रुपयांचे कर्ज काढले होते. व्याज दहा टक्के, मुदत तीन वर्षे. पहिले वर्ष नियमाने फेडल्यावर हाती थोडे पैसे आले, म्हणून ती उरलेले कर्ज एकरकमी फेडायला गेली. तिच्या हिशेबाने एक तृतीयांश मुद्दल फिटले होते आणि ६६,६६७ रुपये उरले होते. तिथे तिला ७१,०२७ रुपयांचा आकडा सांगण्यात आला. "बाई, मला फसवलं का हो त्यांनी?" असे तिने विचारले, तेव्हा मी तत्काळ उत्तर दिले नाही. कागद ठेवून घेतला आणि रात्री बसून हिशेब केला. तोच आज तुमच्यापुढे मांडते. फळ्यावर सोपे जावे म्हणून रकमा गोल केल्या आहेत आणि मासिक हप्त्यांऐवजी वर्षाअखेरचे तीन हप्ते धरले आहेत.

हप्ता कसा ठरला होता, ते आधी पाहू. एक लाखावर दहा टक्क्यांनी वर्षाला दहा हजार, तीन वर्षांचे तीस हजार. एकूण एक लाख तीस हजार, भागिले तीन. हप्ता ४३,३३३ रुपये. व्यवहारात याला 'फ्लॅट' दर म्हणतात. यातली गोम अशी की दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीही व्याज पूर्ण लाखावरच आकारलेले आहे. मुद्दलाचा काही भाग तर पहिल्याच हप्त्यात परत गेलेला असतो. मग तिसऱ्या वर्षी पूर्ण लाख रुपये तिच्याकडे होते तरी कुठे?

हे नेमके मोजायचे, तर पैशाचे कालमूल्य समजून घ्यावे लागते. दहा टक्के दराने आजचे शंभर रुपये वर्षाने एकशे दहा होतात. म्हणजेच वर्षाने मिळणाऱ्या एकशे दहा रुपयांची आजची किंमत शंभर. पुढे जाताना १.१० ने गुणायचे, मागे येताना १.१० ने भागायचे. या मागे येण्याला आपण वटाव म्हणतो. पूर्वीचे व्यापारी मुदतीची हुंडी मुदतीआधी वटवीत, तेव्हा हुंडीवरच्या रकमेपेक्षा कमी पैसे हाती पडत. ते हेच गणित. मागे आणलेल्या रकमेला वर्तमान मूल्य म्हणायचे.

आता तिचे तीन हप्ते दहा टक्क्यांनी मागे आणा. पहिला हप्ता १.१० ने भागला की ३९,३९४. दुसरा दोनदा भागायचा, म्हणजे १.२१ ने: ३५,८१३. तिसरा १.३३१ ने: ३२,५५७. हप्ता तोच, परंतु जितका दूरचा, तितका आजच्या हिशेबाने हलका. तुमच्या उत्तरात दूरचा हप्ता जड निघाला, तर भागण्याऐवजी गुणले आहे असे समजावे. आणखी एक चूक दरवर्षी वहीत सापडते: दहा टक्के तीन वेळा म्हणजे तीस टक्के असे धरून १.३० ने भागलेले असते. व्याजावरचे व्याज तिथे निसटते.

या तिन्ही रकमांची बेरीज होते १,०७,७६४. कर्जाचा दर खरोखर दहा टक्के असता, तर ही बेरीज बरोबर एक लाख आली पाहिजे होती, कारण तिच्या हाती एक लाखच पडले होते. कर्ज ज्या दिवशी मिळते, त्या दिवशी मिळालेली रक्कम आणि पुढच्या सर्व हप्त्यांचे वर्तमान मूल्य समान असते. ज्या दराने ही दोन पारडी समतोल होतात, तोच कर्जाचा खरा दर. आपले हप्त्यांचे पारडे जड आहे, तेव्हा अधिक दराने वटवून ते हलके केले पाहिजे. चौदा टक्क्यांनी बेरीज येते १,००,६०४. पंधरा टक्क्यांनी ९८,९४०. खरा दर या दोहोंच्या मध्ये, चौदाच्या जवळ आहे. तो निघतो १४.३६ टक्के.

आता वहीत नोंद करू. पहिल्या वर्षी पूर्ण लाख रुपये तिच्याकडे होते. त्यावर १४.३६ टक्क्यांनी व्याज १४,३६०. हप्ता ४३,३३३ मधून ते वजा केले की मुद्दलापोटी २८,९७३ उरतात आणि शिल्लक कर्ज ७१,०२७. तिला सांगितलेला आकडा हाच! दुसऱ्या वर्षी या शिलकेवर व्याज १०,१९९, तिसऱ्या वर्षी ५,४४१. तिन्हींची बेरीज करून पाहा, बरोबर तीस हजार. एकूण व्याज बदललेले नाही. ते कोणत्या वर्षाच्या माथी किती पडते, एवढेच बदलले. तुमच्यापैकी अनेक जण दरवर्षी दहा हजार व्याज आणि ३३,३३३ मुद्दल अशी नोंद कराल. बेरीज जुळेल, म्हणून चूक लक्षात येणार नाही. परंतु पहिल्या वर्षीचा नफा ४,३६० रुपयांनी फुगेल आणि ताळेबंदात देणे तेवढेच कमी दिसेल.

त्या माउलीला मी सांगितले, की उरलेल्या रकमेचा आकडा चुकीचा नाही. फसवे होते ते पहिल्या दिवशी सांगितलेले 'दहा टक्के'. खऱ्या दहा टक्क्यांचे, घटत्या शिलकेवरचे कर्ज असते, तर हप्ता ४०,२११ रुपयांचा बसला असता, वर्षाला ३,१२२ रुपये कमी. ती म्हणाली, "मग तेव्हा कुणी सांगितलं का नाही?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

तिचे मूळ हप्ते मासिक होते, हे विसरू नका. दहा टक्के फ्लॅट दराचे तेच कर्ज छत्तीस समान मासिक हप्त्यांत, ३,६११ रुपयांनी फेडले, तर खरा दर महिन्याला सुमारे दीड टक्का, म्हणजे वर्षाला अठराच्या जवळ जातो. मुद्दल पहिल्याच महिन्यापासून परत जाऊ लागते; सरासरीने जेमतेम निम्मी रक्कम आपल्या हाती राहते आणि व्याज मात्र पूर्ण रकमेवर. असे गणित करताना दर महिन्याचा आणि कालावधी वर्षांचा, अशी सरमिसळ करू नये. छत्तीस हप्ते, तर दरही मासिकच हवा.

आता रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या वैयक्तिक कर्जांबरोबर मुख्य तथ्यांचे एक पत्रक ग्राहकाला द्यावे लागते. त्यात शुल्कांसह येणारा वार्षिक दर लिहिलेला असतो. पालकांनीही सही करण्यापूर्वी जाहिरातीतला दर बाजूला ठेवून पत्रकातला हा दर पाहावा. शुल्काने किती फरक पडतो, ते आपल्याच उदाहरणात तपासा. समजा, प्रक्रिया शुल्क म्हणून दोन हजार आधीच कापून तिच्या हाती ९८,००० दिले. हप्ते तेच तीन, ४३,३३३ रुपयांचे. एका पारड्यात आता लाखाऐवजी अठ्ठ्याण्णव हजार ठेवा आणि पंधरा व सोळा टक्क्यांनी वटवून पाहा. उत्तर साडेपंधरा टक्क्यांच्या किंचित वर आले पाहिजे.