ई-मेलच्या आरंभीचा सारांश



शाळेकडून कार्यालयाकडे दीर्घ अहवाल पाठविताना त्यासोबतच्या ई-मेलमध्ये बहुधा एकच वाक्य असते : ‘अहवाल सोबत जोडला आहे, योग्य त्या कार्यवाहीस्तव सविनय सादर.’ कार्यवाही कोणती आणि ती केव्हापर्यंत व्हावी, हे शोधण्याचे काम वाचणाऱ्यावर पडते. तो प्रवासात असेल, मोबाइलच्या लहान पडद्यावर वाचीत असेल, तर चाळीस पानांचे जोडपत्र तो त्याच वेळी उघडील असे नाही. म्हणून जोडपत्र न उघडताही वाचणाऱ्यास निर्णय घेता यावा, हीच आरंभीच्या सारांशाची कसोटी होय.

एक उदाहरण मुंबईचे घेऊ. लालबाग-परळ भागात जुन्या इमारती पुष्कळ आहेत. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब अन्वये तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. तपासणीअंती इमारतीची वर्गवारी होते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडावयाची; सी-२ए म्हणजे पूर्णतः वा अंशतः रिकामी करून मोठी दुरुस्ती करावयाची; सी-२बी म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती करावयाची; आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची.

समजा, परळ येथील एका शाळेच्या इमारतीचा ४६ पानांचा अहवाल आला आहे आणि मुख्याध्यापकाला तो धाडावयाचा आहे. अहवालाच्या क्रमाने लिहावयास बसल्यास तो प्रथम तपासणीची तारीख, मग उपकरणांची नावे, मग खांबांच्या चाचण्या असे लिहीत जाईल. मुलांनी पूर्वेकडील जिना वापरावा की नाही, हे मात्र ३९व्या पानावरच राहील. अहवाल कारणांकडून निष्कर्षाकडे जातो. सारांशाने निष्कर्षाकडून कारणांकडे यावयाचे असते. तो असा होईल :

‘विनंती : दुसऱ्या मजल्यावरील दोन वर्ग व पूर्वेकडील जिना रिकामा ठेवून हे वर्ग नजीकच्या शाळेत भरविण्यास १० जूनपूर्वी मान्यता मिळावी. शाळा १५ जूनला उघडते. अभियंत्यांनी इमारत सी-२ए वर्गात घातली आहे. म्हणजे हा भाग रिकामा केल्यावाचून दुरुस्ती करता येणार नाही. जिन्यालगतच्या चार खांबांतील लोखंड गंजले असून काँक्रीट सुटले आहे. उर्वरित भाग वापरता येईल, असे अहवाल म्हणतो. पायाची तपासणी झालेली नाही. निष्कर्ष पान ३९, खर्चाचा अंदाज पान ४३.’

येथे पहिल्या वाक्यात काय करावयाचे व केव्हापर्यंत, हे आले. त्यानंतर निष्कर्ष, त्याचे एकच मुख्य कारण, अहवालाची मर्यादा आणि पृष्ठांक आले. उपकरणांची नावे गळली, कारण त्यांवाचून निर्णय अडत नाही. पायाची तपासणी झाली नाही, हे वाक्य मात्र गाळता येत नाही. ते नसल्यास संपूर्ण इमारत तपासली गेली, असा समज होईल. ई-मेलच्या विषयाच्या ओळीतही ‘अहवाल सादर’ असे न लिहिता ‘दोन वर्ग हलविण्यास मान्यता : १० जूनपूर्वी’ असे लिहावे.

सर्वांत घातक चूक शब्द सौम्य करण्याने होते. ‘इमारत दुरुस्तीयोग्य आहे’ हे वाक्य सी-२ए इमारतीबाबत खोटे नाही. पण सी-२बी आणि सी-३ इमारतींनाही ते तितकेच लागू पडते. वाचणारा मुले आत बसवूनच दुरुस्तीचा विचार करील. उलट, ‘इमारत धोकादायक आहे’ एवढेच लिहिले, तर सी-१ समजून संपूर्ण शाळा बंद करण्याचा आदेश निघावयाचा. म्हणून ज्या एका शब्दावर निर्णय फिरतो, तो अहवालातील जसाच्या तसा घ्यावा आणि त्याचा अर्थ लगेच पुढील वाक्यात सांगावा.

सारांश अहवाल पूर्ण वाचून झाल्यावरच लिहावा. अभियंत्यांनी अहवाल मागाहून सुधारला असेल, तर सारांशातील वर्ग, तारीख व पृष्ठांक जोडलेल्या प्रतीशी पुन्हा ताडून पाहावेत. जुन्या प्रतीवरून लिहिलेला सारांश नव्या प्रतीशी विसंगत होतो आणि मग दोहोंवरील विश्वास उडतो.

पाठविण्यापूर्वी अहवाल न वाचलेल्या एखाद्या सहकाऱ्यास केवळ सारांश वाचावयास द्यावा आणि विचारावे : काय आढळले? कोणी काय करावयाचे? केव्हापर्यंत? तिन्हींची उत्तरे त्याने जोडपत्र न उघडता दिली, तर ई-मेल पाठवावा. एकाही प्रश्नास तो अडखळला, तर ते वाक्य पुन्हा लिहावे.