एक ऑम्लेट उंच, एक ऑम्लेट पातळ

आज मी तुमच्याशी ऑम्लेटबद्दल बोलणार आहे. दिवसभर लोकांच्या संगणक प्रणाली दुरुस्त करणारा माणूस अंड्यांवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण गेल्या सहा महिन्यांत रविवारच्या नाश्त्याने मला चांगलंच कामाला लावलं.

झालं असं, की माझे बाबा साताऱ्याहून आमच्याकडे इंग्लंडला राहायला आले. वय अठ्ठ्याहत्तर, नवीन कवळी बसवलेली. मी आपलं नेहमीचं ऑम्लेट केलं, मोठ्या पॅनमध्ये, कडा कुरकुरीत. बाबा काही बोलले नाहीत. पण ताट उचलताना दिसलं, की कडेचं सगळं त्यांनी गुपचूप बाजूला काढून ठेवलं होतं. दुसरीकडे मुलांना हवं होतं उंच, फुगलेलं ऑम्लेट. सुट्टीत आम्ही फ्रान्समधल्या माँ-सँ-मिशेलला गेलो होतो. तिथे 1888 साली सुरू झालेल्या ‘ला मेर पुलार’ या खानावळीत तांब्याच्या भांड्यात अंडी फेटतात आणि लांब दांड्याच्या पॅनमध्ये विस्तवावर करतात. ते मुलांच्या डोळ्यांत बसलं.

मी काय केलं, दोघांना एकच ऑम्लेट द्यायचं ठरवलं. अंडी भरपूर फेटली, मोठा पॅन, मोठी आच. खालून करपलं, वर कच्चं राहिलं, आणि ताटात येईपर्यंत बसलं. मग लक्षात आलं, की ही दोन ऑम्लेटं म्हणजे एकाच पदार्थाचे जाड आणि बारीक प्रकार नव्हेत. एकात हवा टिकवायची असते, दुसऱ्यात हवा नकोच असते. फेटणं, लोणी आणि पॅन, तिन्ही गोष्टी त्यावरून ठरतात.

आधी पॅन. पॅनवर छापलेला आकडा वरच्या काठाचा असतो, म्हणून मी टेपने तळ मोजला. मोठ्याचा तळ चोवीस सेंटीमीटर, लहानाचा अठरा. फरक सहाच सेंटीमीटरचा, पण क्षेत्रफळ जवळजवळ पावणेदोन पट. तीन अंडी म्हणजे साधारण दीडशे मिलिलिटर. लहान पॅनमध्ये त्यांचा थर सहा मिलिमीटरच्या आसपास होतो, मोठ्यात जेमतेम तीन. तीन मिलिमीटरचा थर वरून शिजेपर्यंत कडेला वाळून चिवट होतो. बाबांच्या ताटात उरायच्या त्या कडा याच. म्हणजे तीन अंड्यांचं पातळ ऑम्लेटसुद्धा लहान पॅनमध्येच करायला हवं. मोठा पॅन पाच-सहा अंड्यांसाठी ठेवावा.

आता बाबांचं ऑम्लेट. तीन अंडी, चिमूटभर मीठ, आणि काट्याने फक्त पांढऱ्या रेघा दिसेनाशा होईपर्यंत फेटायचं. अर्धा मिनिट पुरे. फेस आला तर जास्त झालं, कारण बुडबुड्यांमुळे पोत खरखरीत होतो. पॅनमध्ये एक मोठा चमचा बटर, आच मध्यमपेक्षा थोडी जास्त. बटर आधी चरचरतं आणि फेसाळतं, कारण त्यातलं पाणी उडत असतं. आवाज थांबला, फेस बसला, पण रंग अजून पिवळाच आहे, तो आपला क्षण. बटर तांबूस झालं असेल तर पॅन जास्त तापलाय. तो खाली उतरवून थांबा.

अंडी ओतली की लाकडी उलथन्याने कडा सतत आत ओढत राहायचं, वीस-तीस सेकंद. खाली मऊ गाठी होतात आणि वर अजून ओलसर चमक असते, तेव्हा हात थांबवायचा. दहा सेकंद थांबून घडी घालायची आणि लगेच ताटात काढायचं. आतल्या उष्णतेवर ते आणखी थोडं शिजतं. सगळा खेळ साधारण मिनिटाभराचा. पॅनमध्येच ‘पूर्ण झालं’ असं वाटलं, तर ताटात ते कोरडं झालेलं असतं.

इथे वयस्कर माणसांबद्दल एक गोष्ट सांगतो. इंग्लंडमध्ये अंड्यावर लाल सिंहाचा शिक्का असेल, तर म्हाताऱ्या माणसांनी आणि गरोदर बायकांनी ते अर्धवट शिजलेलं खाल्लं तरी चालतं, असं इथल्या सरकारी अन्न विभागाने 2017 मध्ये जाहीर केलं. शिक्का नसेल तर आतून घट्ट होईपर्यंत शिजवा. आजारामुळे डॉक्टरांनी वेगळा आहार सांगितला असेल, तर अर्थातच त्यांचं ऐका.

आता मुलांचं उंच ऑम्लेट. अंडी तीनच, पण बलक आणि पांढरं वेगळं. पांढऱ्यात बलकाचा थेंबही जाऊ द्यायचा नाही. बलकातल्या स्निग्धांशाने फेस धरत नाही. प्लॅस्टिकच्या भांड्याला तेलकटपणा चिकटून राहतो, म्हणून काचेचं किंवा स्टीलचं भांडं घ्या. लिंबाच्या रसाचे दोन-तीन थेंब टाकले तर फेस जास्त टिकतो. व्हिस्क वर उचलल्यावर टोक उभं राहून किंचित वाकलं, की थांबा. त्यापुढे फेटलं तर फेस दाणेदार होतो आणि तळाशी पाणी सुटतं. मग तो फेकून नव्याने सुरुवात करावी लागते. बलक मीठ घालून वेगळे फेटा आणि पांढऱ्यात खालून वर अलगद मिसळा. गोल गोल ढवळू नका.

माझं मिश्रण साधारण अर्धा लिटर भरतं. लहान पॅनमध्ये त्याचा थर दोन सेंटीमीटर होतो, मोठ्यात एकच, आणि मग उंच कसलं? बटर फक्त पॅनला, तळाला आणि बाजूंना. मिश्रणात बटर किंवा चीज घातलं की फेस बसतो.

आच मात्र मंद. फेस म्हणजे बहुतेक हवाच, आणि हवेतून उष्णता हळू वर चढते. आच मोठी ठेवली तर खाली करपतं आणि वर कच्चं राहतं. माझी पहिली चूक हीच. झाकण ठेवून चार-पाच मिनिटं द्या. वरच्या भागाला बोट लावलं आणि ते ओलं निघालं नाही, की घडी घाला आणि ताबडतोब वाढा. गार होताना आतली हवा आकसते, ते थोडं बसणारच. मुलं आधी टेबलावर, ऑम्लेट नंतर.

आणि आपला कांदा-मिरची? पातळात बारीक चिरून सरळ चालतो. उंचात घातला तर जड कांदा तळाशी जातो आणि त्याचं पाणी फेस मोडतं. म्हणून तो आधी परतून घ्या आणि घडी घालताना आत ठेवा.

शेवटी काय झालं, सांगतो. बाबांनी मुलांचं उंच ऑम्लेट एक घास खाऊन पाहिलं आणि म्हणाले, “अरे, हे तर वारं खाल्ल्यासारखं आहे.” मग स्वतःच्या ताटातलं पातळ ऑम्लेट कडेसकट संपवलं आणि विचारलं, “अजून एक होईल का रे?”

सहा महिन्यांत त्यांनी दुसऱ्यांदा मागितलेली ही पहिली गोष्ट. पॅन अजून गरमच होता.