पांढरी जाळी कशाची?

आज लोह-कार्बन आलेखावरचा एकच प्रश्न सोडवू. माझ्याकडे भट्टीतच सावकाश थंड केलेले साध्या पोलादाचे दोन तुकडे आहेत. एकात कार्बन ०.६५ टक्के, दुसऱ्यात १.२ टक्के. नायटल लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर दोन्हींत गडद पर्लाइटभोवती पांढरी जाळी दिसते. ती एकाच पदार्थाची आहे का?

आलेखात ७२७ अंश सेल्सियसची आडवी रेषा पाहा आणि तिच्यावरचा ०.७६ टक्क्यांचा बिंदू शोधा. ०.६५ त्याच्या डावीकडे येते. म्हणून ऑस्टेनाइटच्या कणसीमांवर आधी मऊ फेराइट तयार होते. उरलेल्या ऑस्टेनाइटमधला कार्बन वाढत ०.७६ वर पोचतो आणि मग त्याचे पर्लाइट होते. फेराइटमध्ये कार्बन जेमतेम ०.०२ टक्के मावतो. तरफेच्या नियमाने ०.११ ला ०.७४ ने भागा. जाळीचे फेराइट सुमारे १५ टक्के निघते.

१.२ उजवीकडे आहे. तिथे आधी सिमेंटाइट बाहेर पडते. त्यात कार्बन ६.७ टक्के, म्हणून ०.४४ ला ५.९४ ने भागायचे. उत्तर फक्त ७ टक्के, पण ही जाळी ठिसूळ असते आणि तडा तिच्यावरूनच धावतो.

कार्बन माहीत नसेल, तर मी नमुना सोडियम पिक्रेटच्या उकळत्या अल्कधर्मी द्रावणात ठेवतो. सिमेंटाइट काळे पडते, फेराइट पांढरेच राहते.

एक मर्यादा लक्षात ठेवा: तुकडा हवेत भरभर थंड झाला, तर जाळी हिशेबापेक्षा बारीक दिसते.