रोजच्या कळ्या आणि मोजके हात

आज शेडनेटमधल्या क्रॉसिंगबद्दल बोलायचं आहे. आपल्या जालना जिल्ह्यात बियाण्याचं काम जुनं आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली इथंच महिको कंपनी काढली. आता जालन्यात आणि शेजारच्या देऊळगाव राजाच्या बाजूला गावोगाव शेडनेट उभे आहेत. आत मिरची, टोमॅटो, काकडीचं संकरित बी तयार होतं, आणि ते करणारे हात बहुतेक बायांचे आहेत.

आम्ही टोमॅटोचंच उदाहरण घेतो. दुपारी मादी झाडाची कळी चिमट्यानं उघडायची आणि आतली पराग असलेली नळी काढून टाकायची. मधली काडी मात्र दुखवायची नाही. मग एक-दोन दिवसांनी ते फूल उमललं, पाकळ्या गर्द पिवळ्या झाल्या, की सकाळी त्या काडीला नर झाडाचा पराग लावायचा. खूण म्हणून फुलाखालच्या हिरव्या पानांपैकी दोन कापायची. पुढं फळ धरल्यावर टोमॅटोच्या डोक्यावरची हिरवी चांदणी पाहिली, की ते आपण क्रॉस केलेलं आहे हे लगेच कळतं.

काम अवघड नाही. अवघड आहे ते भराच्या दिवसांत. आपण एक ओळ संपवतो, तोवर मागच्या ओळीत नव्या कळ्या तयार होतात. दिवस मावळतो आणि काम तेवढंच दिसतं. मग मालक म्हणतो, थोडं उशिरापर्यंत थांबा. किंवा आपणच म्हणतो, राहिलेलं उद्या करू.

इथंच घोळ होतो. खुरपणी राहिली तर उद्या करता येते. तण थोडं वाढतं, एवढंच. टोमॅटोची कळी तशी थांबत नाही. आज पाकळ्या नुकत्या बाहेर डोकावतात, रंग फिका असतो, ती घेण्याजोगी असते. उद्या ती उमलते आणि तिच्याच नळीतला पराग तिच्याच काडीला लागतो. जाळीनं बाहेरचे किडे थांबतात, पण हे फुलाच्या आतलं काम थांबत नाही. म्हणजे काल राहिलेली कळी आज शिल्लक काम राहत नाही, ती काढून फेकायची वस्तू होते. ती तशीच राहिली तर तिचं फळ मादीच्याच जातीचं निघतं.

आता हिशोब करून पाहू. समजा एका शेडमध्ये 1,200 मादी झाडं आहेत आणि भरात एका झाडावर रोज 3 कळ्या तयार होतात. रोजच्या 3,600 झाल्या. 6 बाया दुपारी 3 तास बसल्या आणि सरावाची बाई तासाला 150 कळ्या करते असं धरलं, तर 2,700 होतात. रोज 900 राहतात. तीन दिवसांत एका अख्ख्या दिवसाचं काम अंगावर येतं. कितीही घाई केली तरी हे भरून निघत नाही.

पण दुसरा आकडा पाहा. मोठ्या फळाच्या जातीत एका झाडावर साधारण 30 क्रॉस केलेली फळं ठेवायची असतात. मध्यम फळाच्या जातीत 40 च्या आसपास. त्याहून जास्त ठेवली तर झाडाला पोसवत नाहीत. 1,200 झाडांची 30 प्रमाणे 36,000 फळं होतात. चार क्रॉसमधले तीनच धरले असं मानलं, तरी 48,000 क्रॉस लागतात. रोज 2,700 प्रमाणे 18 दिवसांचं काम. झाड मात्र तीन-चार आठवडे रोज कळ्या देतच राहतं. म्हणजे एका झाडाला 40 कळ्या पुरतात आणि ते देतं 60 ते 80. सगळ्या कळ्या संपवायच्या नसतातच, हे आधी मालकाशी बसून कागदावर मांडावं. तेव्हा त्यालाही पटतं.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवावा. सकाळी पहिल्यांदा पराग लावण्याचं काम, आधी सोललेल्या कळ्यांचं. त्यात आपली मेहनत अडकलेली असते आणि त्यांची वेळ टळली की ती वाया जाते. त्यानंतर सगळ्या ओळींतून एक फेरी मारून न सोलता उमललेली फुलं खुडून टाकायची. खुडायला चिमटा लागत नाही, एका फुलाला क्षणभर पुरतो. दुपारी नव्या कळ्या घ्यायच्या, पण दोन दिवसांनी सकाळी जितक्यांना पराग लावता येईल तितक्याच. परवा दोघी लग्नाला जाणार असतील तर आजच कमी सोलाव्यात. राहिलेल्या कळ्या संध्याकाळी निघताना खुडल्या तर सकाळची फेरी हलकी होते.

एक साधी गोष्ट. सगळ्या जणी रोज दारापासून सुरुवात करतात, म्हणून मागच्या ओळी रोजच राहतात. प्रत्येकीला आपापल्या ओळी वाटून द्याव्यात. ज्या झाडाची फळं पुरी झाली त्याच्या वरच्या कळ्या आणि शेंडा खुडून काठीला रंगीत चिंधी बांधावी. चिंधीच्या झाडाकडं मग फक्त नवी फुलं खुडायलाच जायचं.

काम हाताबाहेर जातंय हे कसं ओळखावं? आठवड्यातून एकदा दोन ओळींतली फळं तपासावी. पूर्ण चांदणीची फळं सापडली तर खुडायची फेरी कमी पडते आहे. तेवढं सुधारता येतं, फळ तोडून टाकलं की झालं. खरी भीती वेगळी आहे. घाईत कोणी उमललेलं फूल घेतलं, नळी काढली, पानं कापली, पराग लावला. वरून खूण बरोबर, आत मात्र आधीच स्वतःचा पराग लागलेला. ते फळ शेडमध्ये कोणालाच ओळखता येत नाही. कंपनी बियाण्याचा नमुना लावून झाडं पाहते, त्या ग्रो आऊट टेस्टमध्ये ते उघडं पडतं. तोवर कित्येक महिने गेलेले असतात आणि लॉट नापास झाला तर सगळ्या शेडचे पैसे अडकतात. म्हणून भराच्या दिवसांत नगावर मजुरी नको, दिवसावर हवी, असं आमचं स्पष्ट मत आहे. नगावर पैसे असले की उमललेलं फूल सोडवत नाही, त्यात बाईचा दोष नाही.

आणि महालक्ष्म्या. आपल्या मराठवाड्यात ते तीन दिवस कोणी कामाला येत नाही, यायलाही नको. पण खरिपाच्या टोमॅटोचं क्रॉसिंग नेमकं त्याच सुमाराला येऊ शकतं. तेव्हा सणाच्या दोन दिवस आधीच नवी कळी सोलणं थांबवावं आणि सोललेल्यांना पराग लावून घ्यावा. सणाच्या दिवसांत मालकाच्या घरच्या माणसांनी सकाळी एक फेरी मारून उमललेली फुलं खुडावीत. आम्ही परतलो की पहिली सकाळ खुडण्यातच जाते. त्या दिवशी दुपारपर्यंत चिमटा हातात घेत नाही.