दोन गुणांवर चौघे

(बुद्धिबळ पंचांच्या अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षाने खेळाच्या भवितव्यावर बोलावे असा संकेत आहे. तो बाजूला ठेवून मी आठ खेळाडूंच्या, तीन फेऱ्यांच्या एका स्पर्धेचा तक्ता तुमच्यापुढे मांडणार आहे. तक्ता मी मुद्दाम रचला आहे. पण त्यात जे घडते ते आपल्या क्लबांत दर रविवारी संध्याकाळी घडते. बक्षीस समारंभ सुरू होण्याआधी एखादे पालक टेबलाशी येतात आणि विचारतात, "गुण सगळ्यांचे सारखेच आहेत, मग माझी मुलगी चौथी कशी?" आणि टेबलामागून उत्तर येते, "कॉम्प्युटरने काढलंय." हे उत्तर पंचाच्या तोंडी असू नये, असे मला मनापासून वाटते. त्यासाठीच हा तक्ता.

आठ जणांची साखळी स्पर्धा घ्यायची तर सात फेऱ्या लागतात. क्लबला एवढा वेळ नसतो. १८९५ मध्ये झुरिचच्या स्पर्धेत ज्युलियस म्युलर यांची पद्धत वापरली गेली, तिलाच आपण स्विस लीग म्हणतो. कोणी बाद होत नाही, प्रत्येक फेरीत शक्यतो सारख्या गुणांचे खेळाडू समोरासमोर येतात आणि एकदा झालेली जोडी पुन्हा होत नाही. आठ जणांत सगळे सामने जिंकणारा एकच उरायला तीन फेऱ्या पुरतात. सगळे जिंकणारा कोणी निघालाच नाही, तर काय होते ते आता पाहू.

खेळाडूंना मानांकनाप्रमाणे १ ते ८ क्रमांक देऊ. पहिल्या फेरीत यादीचे दोन भाग होतात आणि वरच्या भागातला पहिला खालच्या भागातल्या पहिल्याशी खेळतो. म्हणजे १ विरुद्ध ५, २ विरुद्ध ६, ३ विरुद्ध ७, ४ विरुद्ध ८. रंग एकाआड एक दिले जातात, म्हणून १ आणि ३ ला पांढरी मोहरी मिळाली, २ आणि ४ ला काळी. समजा १ जिंकला, ३ जिंकला, २ आणि ६ ची बरोबरी झाली आणि ८ ने ४ ला हरवले.

आता दुसरी फेरी. एका गुणावर १, ३ आणि ८ असे तिघे आहेत. तिघांची जोडी लागत नाही, कोणाला तरी खालच्या गटात उतरावे लागते. नियमाने १ ची गाठ ३ शी पडते आणि ८ खाली जातो. पण अडचण रंगाची आहे. तिघेही पहिल्या फेरीत पांढऱ्याने खेळले, तिघांनाही आता काळी हवीत. कशीही जोडी लावली तरी एकाची मागणी मोडणारच, तेव्हा वरच्या मानांकनाचा मान राखून १ ला काळी देतात आणि ३ सलग दुसऱ्यांदा पांढऱ्याने खेळतो. अर्ध्या गुणाच्या गटात २ आणि ६ होते, पण ते एकमेकांशी खेळून झालेले. म्हणून वरून आलेला ८ हा २ शी खेळतो आणि ६ आणखी खाली सरकून ४ शी. उरलेले ५ आणि ७ एकमेकांशी. दोघेही पहिल्यांदा काळ्याने खेळलेले, त्यामुळे ५ ला पांढरी मिळाली आणि ७ पुन्हा काळ्याने बसला.

हातात कागद नसताना हे ऐकणे सोपे नाही, याची मला कल्पना आहे. पण एवढ्यावर थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. या फेरीत कोणी कोणाला झुकते माप दिलेले नाही. ८ वरच्या गटातून खाली आला, ६ आणखी खाली गेला, ३ ला सलग दोनदा पांढरी मिळाली. या तिन्ही गोष्टी पहिल्या फेरीच्या निकालांतून अपरिहार्यपणे आल्या. हे ज्याने एकदा हाताने लावून पाहिले, त्याला पालकांसमोर दोन वाक्यांत सांगता येते.

दुसऱ्या फेरीत १ आणि ३ ची बरोबरी, २ ने ८ ला हरवले, ४ ने ६ ला आणि ५ ने ७ ला. आता दीड गुणावर १, २, ३ आहेत. एका गुणावर ४, ५, ८. अर्ध्यावर ६ आणि शून्यावर ७. तिसऱ्या फेरीत १ आणि ३ ची गाठ पुन्हा घालता येत नाही, म्हणून १ विरुद्ध २ आणि ३ खाली उतरून ४ शी. सलग तिसऱ्यांदा तोच रंग द्यायचा नाही, हा नियम इथे आडवा येतो. ३ ला काळीच द्यायला हवीत, मग समोरच्या ४ चीही काळ्याची पाळी असली तरी त्याला पांढरी घ्यावी लागतात. ४ ची मागणी सौम्य होती, ३ ची सक्तीची. ८ विरुद्ध ५ आणि ७ विरुद्ध ६ या जोड्या उरतात आणि ६ चीही पांढऱ्याची पाळी असली तरी दोनदा काळ्याने खेळलेल्या ७ ला पांढरी मिळतात.

शेवटी १ आणि २ ची बरोबरी झाली, ३ आणि ४ ची बरोबरी झाली, ५ ने ८ ला हरवले आणि ६ ने ७ ला. तीन फेऱ्यांनंतर १, २, ३ आणि ५ या चौघांचे प्रत्येकी दोन गुण. ४ आणि ६ दीडावर, ८ एकावर, ७ शून्यावर.

करंडक एकच आहे. तो कोणाला द्यायचा?

सगळ्यात आधी डोळ्यांसमोर येते ती आपसातली लढत. ती इथे उपयोगाची नाही, कारण चौघे एकमेकांशी पूर्ण खेळलेलेच नाहीत. मग बुखोल्झ. ब्रुनो बुखोल्झ यांनी १९३२ मध्ये सुचवलेली ही रीत सरळ आहे. तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांच्या अंतिम गुणांची बेरीज करा. १ चे प्रतिस्पर्धी ५, ३ आणि २, तिघांचे दोन-दोन, बेरीज सहा. २ चे प्रतिस्पर्धी ६, ८ आणि १, बेरीज साडेचार. ३ ची बेरीज साडेतीन आणि ५ ची तीन. म्हणजे १ विजेता आणि ५ चौथा.

आता बुखोल्झऐवजी जास्त विजय हा निकष आधी लावा. १, २ आणि ३ यांनी प्रत्येकी एकच सामना जिंकला आहे. ५ ने दोन जिंकले. करंडक ५ चा! एकाच तक्त्यातला, बुखोल्झने शेवटी बसलेला खेळाडू विजयांच्या मोजणीने पहिला येतो. दोन्ही हिशोब बिनचूक आहेत.

यात ५ ने काही लबाडी केली असे मानू नका. पहिली फेरी हरून पुढे सोपे प्रतिस्पर्धी मिळवायचे, असा आरोप अशा खेळाडूवर सहज होतो. २०२३ च्या ग्रँड स्विस स्पर्धेत नाशिकचा विदित गुजराथी पहिल्याच फेरीत एर्विन लामीकडून हरला होता आणि अकरा फेऱ्यांत साडेआठ गुण करून एकटा पहिला आला. हरल्यावर लागोपाठ जिंकत वर येणाऱ्याला वरच्या पटांवरच्यांशी खेळावेच लागते. मात्र त्यासाठी पुरेशा फेऱ्या हव्यात. आपल्या तीन फेऱ्यांत ५ ला ते जमले नाही, पण दोष त्याचा नाही.

विजयांचा निकष क्षुल्लक आहे असेही नाही. २०१३ मध्ये लंडनच्या कँडिडेट्स स्पर्धेत कार्लसन आणि क्रॅमनिक दोघांचे चौदांपैकी साडेआठ गुण झाले, शेवटच्या फेरीत दोघेही हरले, आपसातही समसमान होते. कार्लसनचे पाच विजय, क्रॅमनिकचे चार. एवढ्यावर जगज्जेतेपदाचा आव्हानवीर ठरला. पण ती साखळी स्पर्धा होती, दोघांनी त्याच प्रतिस्पर्ध्यांशी सामने खेळले होते. स्विसमध्ये प्रत्येकाच्या वाटेला वेगळे प्रतिस्पर्धी येतात, म्हणून तिथे प्रतिस्पर्ध्यांची ताकद मोजणारा निकष आधी असावा, असे माझे ठाम मत आहे.

मात्र कच्चा बुखोल्झही न्याय करतोच असे नाही. ३ कडे पाहा. पहिल्या फेरीत त्याच्यासमोर ७ आला, तो त्याने निवडला नव्हता. ७ तिन्ही सामने हरला आणि ३ च्या बेरजेत शून्य पडले. यावर उपाय म्हणजे सगळ्यात कमी गुणांचा एक प्रतिस्पर्धी वगळणे, ज्याला आपण कट वन म्हणतो. तसे केले की १ चे चार होतात, २ आणि ३ दोघांचे साडेतीन आणि ५ चे तीन. २ आणि ३ मधला एका गुणाचा फरक पुसला जातो. तो फरक त्यांच्या खेळातला नव्हताच. म्हणून कट वन आधी आणि पूर्ण बुखोल्झ नंतर, हा क्रम मला पटतो.

क्लबच्या स्पर्धेत आणखी एक गोष्ट बेरीज बिघडवते. सहा फेऱ्यांच्या स्पर्धेत एखादा मुलगा पहिला डाव हरतो आणि घरी निघून जातो. त्याला हरवणाऱ्याच्या बुखोल्झमध्ये शून्य आले तर ती शिक्षा चुकीच्या माणसाला झाली. म्हणून फिडेच्या नियमांत, निघून गेलेल्याच्या पुढच्या न खेळलेल्या फेऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या हिशोबापुरत्या बरोबरीच्या धरतात. पाच फेऱ्यांचे अडीच गुण. पंचाने करायचे काम एकच. तो गेल्याचे कळताच त्याला पुढच्या फेऱ्यांच्या यादीतून काढायचे. नाहीतर पुढच्या फेरीत रिकाम्या खुर्चीसमोर कोणीतरी घड्याळ लावून बसतो, त्याला न खेळता गुण मिळतो आणि त्याचाही टायब्रेक वेड्यावाकड्या हिशोबात अडकतो.

आता निकषांच्या क्रमाबद्दल. आपल्या तक्त्यात क्रम बदलला की विजेता बदलतो. त्यामुळे तो क्रम स्पर्धेच्या पत्रकात, पहिली फेरी सुरू होण्याच्या आधी छापलेला असलाच पाहिजे. चौघांची नावे कळल्यानंतर क्रम ठरवणारा पंच कितीही प्रामाणिक असला, तरी प्रत्यक्षात तो विजेता निवडत असतो. सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून कोणता क्रम भरलेला आहे ते उघडून पाहा. गेल्या वर्षीच्या स्पर्धेची फाइल तशीच वापरली, की गेल्या वर्षीचा क्रमही सोबत येतो आणि पत्रकातला वेगळा असतो. प्रत्येक फेरीनंतर गुणतक्ता टायब्रेकच्या रकान्यांसह भिंतीवर लावला, तर ही तफावत कोणीतरी दुसऱ्या फेरीतच दाखवून देतो.

पैशांचे काय? रोख बक्षिसांत टायब्रेकला एवढा अधिकार द्यायची गरज नाही. हॉर्ट पद्धत सर्वांना ठाऊक असावी. समजा चार बक्षिसे ४०००, २०००, १२०० आणि ८०० रुपयांची आहेत, एकूण ८०००. निम्मी रक्कम चौघांत सारखी वाटा, म्हणजे प्रत्येकी १०००. उरलेली निम्मी क्रमाप्रमाणे. मग पहिल्याला ३०००, दुसऱ्याला २०००, तिसऱ्याला १६०० आणि चौथ्याला १४०० मिळतात. टायब्रेकचा मान राहतो आणि सारखे गुण करणाऱ्याला पाचपट फरक सोसावा लागत नाही.

करंडक किंवा निवडीची जागा वाटून देता येत नाही. तिथे वेळ असेल तर जलद डाव खेळवा. तेवढा अर्धा तास वेळापत्रकात आधीच राखून ठेवा आणि समारंभाच्या पाहुण्यांना त्यानंतरची वेळ द्या.