घाटकोपर का?

हे ऐकताना तुम्ही लोकलमध्ये उभे असाल, तर एक विनंती. हसू आलं तरी खांदे हलवू नका. तुमचे खांदे आत्ता तुमच्या एकट्याचे नाहीत.

मी रोज डोंबिवलीला फास्ट पकडतो आणि घाटकोपरला उतरतो. पुढे मेट्रो. लोकलमध्ये चढण्यावर सगळेच बोलतात. खरं तर चढायला काही येत असावं लागत नाही. दार जिथे येतं तिथे उभं राहायचं, बॅग पोटावर घ्यायची, बाकीचं काम मागची मंडळी करतात. मी गेल्या पाच वर्षांत स्वतःच्या पायाने किती वेळा चढलो, ते आठवावं लागेल.

खरी परीक्षा उतरायची. आणि आजचा विषय तोच आहे.

कॉम्प्युटरवाल्यांना ‘स्टॅक’ माहीत असेल. जो शेवटी आत येतो, तो आधी बाहेर पडतो. घरात ताटं एकावर एक ठेवतो ना, तसं. लोकलचा डबा दिसायला तसाच, पण एक अडचण आहे. सगळ्यात वरचं ताट म्हणतं, ‘मला दादरला उतरायचंय.’ आणि तळातलं ताट, म्हणजे मी, घाटकोपरचा.

मग काय करायचं? ठाणं सुटलं की सुरुवात करायची. ठाणे ते घाटकोपर साधारण पंधरा किलोमीटर. डोंबिवलीपासूनच सरकायला लागलात तर कोणीतरी म्हणणारच, “अरे, ठाणं तर येऊ दे!” आणि विक्रोळी गेल्यावर जागे झालात तर उशीर झाला. तेव्हा कोणी ओरडत नाही. उलट एकदम मायेने सांगतात, “आता कुर्ल्याला उतर मित्रा, समोरून स्लो पकड आणि मागे ये.” एवढी सहानुभूती मला बारावीच्या रिझल्टलाही मिळाली नव्हती.

तर ठाणं सुटलं. आता पुढच्या माणसाला एकच शब्द विचारायचा. “घाटकोपर?” ‘माफ करा, आपण कुठे उतरणार आहात,’ असं नाही. एवढं बोलायला जेवढी हवा लागते, तेवढी डब्यात नसते.

त्याने मान हलवली, तर प्रश्न मिटला. तो इंजिन, आपण डबा. त्याच्या मागे चिकटून राहायचं, बाकी विचार करायचा नाही.

तो म्हणाला “दादर”, तर अदलाबदल. यात दोघांनी एकाच वेळी अर्धं वळायचं असतं. मी डावीकडून, तो उजवीकडून. एक क्षण आपण त्याच्या इतके जवळ असतो की सकाळी डब्यात मेथी आहे की भेंडी, ते कळतं. आणि मग, कसं ते मला आजही कळलेलं नाही, तो मागे असतो आणि मी पुढे. जिथे एकाला जागा नव्हती, तिथे दोन माणसं एकमेकांना ओलांडून गेली!

तिसरा प्रकार, इअरफोनवाला. म्हणजे तुम्ही. याला प्रश्न ऐकू जात नाही. खांद्यावर दोनदा बोट टेकवलं की तो दचकतो, इअरफोन काढतो आणि म्हणतो, “अं? घाटकोपर गेलं का?” कारण त्यालाही तिथेच उतरायचं असतं.

आता थोडा इतिहास. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आपली पहिली गाडी निघाली. १४ डबे आणि साधारण ४०० पाहुणे. मी भागाकार केला. एका डब्यात २८-२९ माणसं! आज तेवढी माझ्या दारात असतात, आणि त्यातला एक फोनवर म्हणतो, “आज गाडी बरी आहे, रिकामी आहे.”

रेल्वेच्या भाषेत आपल्या गर्दीला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणतात. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभी माणसं. घरी फरशीवर एक मीटर बाय एक मीटर खडूने आखून बघा. मी आखला. त्यात मी, आई, बाबा आणि ताई उभे राहिलो. आई म्हणाली, “बास, आता भांडण होईल.” चौघांतच! आणि तिथे पंधरा अनोळखी माणसं रोज तासभर उभी राहतात, आणि बहुतेक दिवशी भांडण होत नाही. झालंच तर ते “जरा नीट उभे राहा ना” आणि “नीट म्हणजे कुठे उभा राहू?” इथपर्यंत जातं. दोन्ही प्रश्न बरोबर असतात.

दारात लटकणाऱ्यांवर मात्र मी जोक करत नाही. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ दारातली माणसं पडली. मी रोज तिथूनच जातो. त्या वळणावर आमच्या डब्यात कोणीतरी हात मागे करून दारातल्या पोराची बॅग धरतं. धरणारा आणि पोरगा एकमेकांकडे बघतही नाहीत.

आता माझी गोष्ट. मागच्या वर्षी ऑफिसमध्ये रात्रभर रिलीज होतं. पहाटे घरी आलो, अंघोळ केली आणि काही न खाता परत निघालो, कारण दहाची मीटिंग. ठाणं गेलं, मी विचारलं, “घाटकोपर?” आणि डोळ्यांसमोर अंधार. पाय गेले.

पण मी पडलो नाही. पडायला जागाच नव्हती! मी उभ्या उभ्या बेशुद्ध व्हायला लागलो आणि चार बाजूंनी चार माणसांनी मला तसाच उभा ठेवला. कोणीतरी म्हणालं, “चेन ओढा.” दुसरा म्हणाला, “नको, गाडी मध्येच थांबेल, इथे डॉक्टर कुठून येणार? घाटकोपरला उतरवू.” एक बाटली कुठूनतरी निघाली आणि डोक्यांवरून, आठ-दहा हातांतून माझ्यापर्यंत आली. झाकण उघडलेलं. एक थेंब सांडला नाही.

आणि खिडकीतले काका उठले. आता हे समजून घ्या. हे काका डोंबिवलीचे. खिडकी मिळावी म्हणून रोज आधी उलटे कल्याणला जातात आणि तिथून बसून येतात. त्या सीटसाठी ते घरातून अर्धा तास लवकर निघतात. त्यांनी ती मला दिली. वर म्हणाले, “जेवला नाहीस ना रात्री?”

घाटकोपरला उतरताना मला कोणालाच विचारावं लागलं नाही. कोणीतरी ओरडलं, “पेशंट आहे, वाट द्या!” आणि इतकी वर्षं जी जागा नव्हती, ती झाली. काका माझ्याबरोबर उतरले. त्यांना भायखळ्याला जायचं होतं. बाकावर बसवलं, समोर बसून वडापाव खायला लावला, माझ्या फोनवरून ताईला फोन केला आणि मग पुढच्या गाडीत शिरले. खिडकी नाही. दारातसुद्धा नाही, मधल्या पॅसेजमध्ये. त्या दिवशी त्यांचा लेटमार्क नक्की लागला असणार.

मला त्यांचं नाव आजही माहीत नाही. त्यांना माझं माहीत नाही. ते मला ‘घाटकोपर’ म्हणतात. आता रोज सकाळी खिडकीतून आवाज येतो, “ए घाटकोपर, नाश्ता केलास का?” आणि सगळा डबा माझ्या उत्तराची वाट बघतो. मी “हो” म्हटलं की शेजारचे सरकतात.

एकदा खोटं “हो” म्हटलं होतं. काकांनी पिशवीतून केळं काढलं. ते हातोहात माझ्यापर्यंत आलं. सोललेलं.

चला, विक्रोळी गेलं असेल तर इअरफोन काढा. पुढच्या माणसाला विचारा. भेटू पुढच्या भागात.